रात्री १२ म्हणजे कोणती रात्र? सूचनेत तिथी आणि तारीख एकत्र लिहिताना होणारा घोळ

२०२५ च्या गोकुळाष्टमीला आमच्या देवळात पाळणा हलला तेव्हा सभामंडप निम्मासुद्धा भरला नव्हता. पाऊस होता म्हणून लोक आले नसतील, असं आम्ही धरून चाललो. खरं कारण दुसऱ्या रात्री कळलं. दुपारी गोपाळकाला उरकला होता, देवळाला कुलूप लागलं होतं, आणि रात्री साडेअकराला पंचवीस-तीस माणसं दारात उभी. एका आजींच्या हातात सुंठवड्याचा डबा होता. त्यांनी दिवसभर उपवासही धरला होता.

फलक मी लिहिला होता. त्यावर असं होतं:

> श्रावण वद्य अष्टमी, शनिवार दि. १६ ऑगस्ट, रात्री १२ वाजता श्रीकृष्णजन्म. सर्वांनी उपस्थित राहावे.

यात तिथी आहे, वार आहे, तारीख आहे, वेळही आहे. तरीही दोन वेगवेगळ्या रात्री लोक आले, आणि दोघांचंही म्हणणं एकच, "फलकावर हेच लिहिलंय." वर्षातून दोन-तीनदा तरी कुठल्या ना कुठल्या सूचनेत हा घोळ होतो, म्हणून तो नेमका कुठे होतो ते शोधून लिहितो आहे.

पंचांगाच्या ओळीत काय छापलेलं असतं

गुरुजींनी मला फोनवर "जन्म शुक्रवारी रात्री" असं स्पष्ट सांगितलं होतं. फलक लिहायला बसलो तेव्हा खात्री करावी म्हणून पंचांग उघडलं. त्या दोन दिवसांच्या ओळींत तिथीचा रकाना साधारण असा होता:

> शुक्र १५ — सप्तमी २३.४९
> शनि १६ — अष्टमी २१.३४

अष्टमी शनिवारच्या ओळीत दिसली, म्हणून गुरुजींची बोलताना चूक झाली असेल असं समजून मी १६ तारीख लिहून मोकळा झालो. चूक माझी होती. पंचांगात तारखेसमोर जी तिथी छापतात ती त्या दिवशी सूर्योदयाला चालू असलेली तिथी असते, आणि तिच्यापुढची वेळ ती तिथी संपण्याची असते. सुरू होण्याची वेळ त्या ओळीत नसतेच. ती आदल्या ओळीतून काढावी लागते, कारण आधीची तिथी जिथे संपते तिथेच पुढची लागते.

तसं वाचलं की चित्र स्वच्छ होतं. सप्तमी शुक्रवारी रात्री ११.४९ ला संपली, म्हणजे अष्टमी तेव्हाच लागली. ती शनिवारी रात्री ९.३४ ला संपली आणि नवमी लागली. आता दोन्ही मध्यरात्री तपासा. शुक्रवारी रात्री बारा वाजता अष्टमी लागून ११ मिनिटं झाली होती. शनिवारी रात्री बारा वाजता अष्टमी संपून जवळजवळ अडीच तास झाले होते. कृष्णजन्माला मध्यरात्रीची अष्टमी धरायची तर शुक्रवारची रात्र ही एकच रात्र उरते. शनिवारची ओळ 'अष्टमी' म्हणते खरी, पण त्या दिवशीच्या मध्यरात्री अष्टमी नाही.

वेळा वाचताना आणखी एक खाच आहे. काही पंचांगं मध्यरात्रीनंतरचे तास पुढे मोजत नेतात. तिथे '२६.१४' दिसलं तर ते छापखान्याची चूक नव्हे, दुसऱ्या तारखेचे पहाटेचे २.१४. घटी-पळांचं जुनं पंचांग हाताशी असेल तर एक घटी २४ मिनिटांची, आणि मोजणी सूर्योदयापासून करायची. दोन्ही ठिकाणी दिवस सूर्योदयाला सुरू होतो असं धरलेलं असतं, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच निघतो.

एका रात्रीला दोन तारखा

माझी चूक बाजूला ठेवू. समजा मी शुक्रवार शोधून काढला असता आणि "दि. १५ ऑगस्ट, रात्री १२ वाजता" असं लिहिलं असतं. तरी काही माणसं चुकलीच असती.

गुरुजींचा शुक्रवार शुक्रवारच्या सूर्योदयाला सुरू होतो आणि शनिवारच्या सूर्योदयाला संपतो. त्यामुळे शुक्रवारी रात्री बारा, दोन, चार हे सगळं त्यांच्या लेखी शुक्रवारच. फोनमधली तारीख मात्र मध्यरात्री बदलते. त्याच्या लेखी १५ ऑगस्टचे रात्रीचे बारा म्हणजे गुरुवारी रात्री झोपलो असताना १५ तारीख लागली तो क्षण. रेल्वेचं ००.१५ चं तिकीट काढून दुसऱ्या रात्री स्टेशनवर पोचलेले लोक आपल्या ओळखीत असतातच, त्यातलाच हा प्रकार.

गंमत अशी की, माझ्या चुकीच्या फलकावरचं "दि. १६, रात्री १२" हे फोनच्या हिशेबाने बरोबरच होतं. १६ तारीख शुक्रवारी रात्री बाराला लागते. शुक्रवारी जे थोडे लोक आले त्यातल्या दोघा-तिघा तरुणांनी तसंच वाचलं होतं. बाकीचे शुक्रवारी आले ते फलक न वाचता, दरवर्षीच्या सवयीने गुरुजींना विचारून.

'रात्री १२' हे शब्द सूचनेत एकटे ठेवायचे नाहीत, हा मी आता स्वतःपुरता नियम केला आहे. कार्यक्रम मध्यरात्री असला तरी सूचनेत त्याची सुरुवात संध्याकाळच्या वेळेने द्यावी. "शुक्रवारी रात्री १० वाजता कीर्तन सुरू, त्याच रात्री १२ वाजता जन्म" असं लिहिलं की घोळाला जागाच राहत नाही. रात्री दहाला तारीख बदलत नाही, त्यामुळे वार आणि तारीख दोन्ही हिशेबांत एकच येतात. 'त्याच रात्री' हे दोन शब्द बाराला शुक्रवारशी बांधून टाकतात. वयस्कर मंडळींसाठी "शनिवार उजाडण्यापूर्वी" एवढं जोडलं तर उत्तम. बोलीत आपण तसंच म्हणतो, मग लिहिताना का नको?

पहाटेच्या कार्यक्रमांना उलट बाजूने हेच लागू होतं. काकड आरती पहाटे साडेचारला असेल तर "गुरुवारी पहाटे" आणि "बुधवारी रात्री उशिरा" यांत लोक गल्लत करतात. तिथे "बुधवारी रात्री मुक्काम, गुरुवारी पहाटे ४.३० ला काकडा" असं दोन्ही टोकांनी पकडावं लागतं.

मग फलकावर तिथी कोणती लिहायची?

यावर आमच्याकडे खरा वाद झाला. शुक्रवार लिहिणार तर त्यासमोर सप्तमी लिहायची की अष्टमी?

"अष्टमीच लिही," विश्वस्तांपैकी एक काका म्हणाले. "गोकुळाष्टमीच्या फलकावर सप्तमी? लोक हसतील."

"काका, पण ज्यांच्या घरी पंचांग आहे ते शुक्रवारच्या ओळीत सप्तमी बघतील आणि म्हणतील तारीख चुकली."

"आणि सप्तमी लिहिलीस तर म्हणतील तिथी चुकली."

दोघांचंही बरोबर होतं. सूर्योदयाची तिथी आणि कार्यक्रमाच्या वेळची तिथी वेगळी असेल तर दोन्ही लिहायच्या आणि मधली वेळ द्यायची, एवढाच मार्ग उरतो: "श्रावण वद्य सप्तमी, रात्री ११.४९ नंतर अष्टमी." पंचांगवाल्याला त्याची सप्तमी सापडते, भाविकाला त्याची अष्टमी सापडते, आणि तारीख का बरोबर आहे हेही त्या एका ओळीत समजतं.

हे फक्त जन्माष्टमीपुरतं नाही. ज्या व्रताला दिवसातली ठरावीक वेळ बघतात तिथे हा प्रसंग येतोच. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी बघतात. २०२५ मध्ये त्याच पंधरवड्यातली अंगारकी मंगळवारी, १२ ऑगस्टला होती. त्या दिवशी सूर्योदयाला तृतीया होती, चतुर्थी नंतर लागली आणि चंद्रोदयाला चतुर्थी होती. बुधवारच्या सूर्योदयालाही चतुर्थी होती, ती थोड्याच वेळात संपली. पंचांगाच्या ओळीवर विसंबलं तर संकष्टी बुधवारी धरली गेली असती आणि अंगारकी हुकली असती. रामनवमीला माध्यान्ह, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ. वेळ वेगळी असली तरी तपासण्याची रीत हीच. आधी वेळ ठरवा, मग त्या वेळी कोणती तिथी आहे ते दोन ओळी मिळून बघा.

मध्यरात्रीबद्दल एक बारीक गोष्ट. शास्त्रातली मध्यरात्र म्हणजे सूर्यास्त आणि पुढचा सूर्योदय यांच्या मधोमधचा काळ. ऑगस्टात मुंबई-पुण्याकडे ती घड्याळाच्या साडेबारा-पाऊणच्या आसपास पडते. बहुतेक देवळांत जन्म घड्याळाच्या बाराला करतात, काही ठिकाणी गुरुजी थोडं थांबतात. जे करणार ते लिहा. बाराला जन्म छापून साडेबाराला केला तर लहान मुलं घेऊन आलेले लोक आधीच निघून गेलेले असतात.

महिन्याचं नाव आणि आकडे

आमच्या वस्तीत उत्तर भारतातली बरीच कुटुंबं आहेत, तीही देवळात येतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षाला दोघांचं महिन्याचं नाव एकच येतं, पण वद्य पक्षात फरक पडतो. आपली श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. नुसतं "श्रावण कृष्ण अष्टमी" लिहिलं तर त्यांच्या हिशेबाने ती महिनाभर आधी, जुलैतच होऊन गेलेली असते. म्हणून मी 'कृष्ण पक्ष' न लिहिता 'वद्य' लिहितो. तो शब्द दिसला की हा मराठी पंचांगाचा हिशेब आहे हे कळतं. तारीख मात्र हवीच, कारण त्यांना खरा आधार तिचाच असतो.

सरकारी पत्रात कधी तिसराच श्रावण भेटतो. १९५७ पासून चालू असलेल्या भारतीय सौर दिनांकानुसार १५ ऑगस्ट म्हणजे २४ श्रावण. यातला २४ हा आकडा तिथी नाही, नुसता महिन्यातला दिवस आहे. देवळाच्या सूचनेत तो घालायचं कारण नाही. कोणी हौसेने घातला तर 'सौर' हा शब्द गाळू नये.

संक्षेपांनी मी स्वतः फसलो आहे. "श्रा. शु. १५" म्हणजे श्रावण शुद्ध पौर्णिमा, पण घाईत वाचणाऱ्याला 'शु. १५' म्हणजे शुक्रवार, १५ तारीख वाटू शकतं. अमावास्या 'व. ३०' अशी लिहितात हे पंचांग बघणाऱ्यांना माहीत असतं, नवीन पिढी ती ३० तारीख समजते. म्हणून तिथी अक्षरी आणि तारीख आकड्यात, महिन्याचं इंग्रजी नाव पूर्ण. '१५/८' असंही नको, कारण फलकावर त्याच ओळीत अष्टमीचा ८ असेल तर डोळा अडखळतो.

वर्ष दोन्हीकडे लिहायचं: शके १९४७ आणि २०२५. सूचनेचा फोटो पुढच्या वर्षी कोणाच्या तरी फोनमधून वर येतो आणि गावभर फिरतो. २०२५ ची कृष्णजयंती १५ ऑगस्टला, २०२६ ची ४ सप्टेंबरला. मध्ये अधिक मास आल्यामुळे एवढी सरकली. २०२६ मध्ये ज्येष्ठ दोन आहेत, त्यामुळे त्या काळातल्या सूचनेत 'अधिक' किंवा 'निज' लिहिलं नाही तर तिथी महिनाभराने चुकते. अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा मेअखेर, वटपौर्णिमेची निज ज्येष्ठातली २९ जूनला.

दुरुस्त केलेला फलक

हाच फलक आता मला लिहायचा असता तर असा लिहिला असता:

> श्रीकृष्ण जन्मोत्सव
> शुक्रवार, दि. १५ ऑगस्ट २०२५
> रात्री १० वाजता कीर्तन सुरू. त्याच रात्री १२ वाजता जन्म (शनिवार उजाडण्यापूर्वी).
> उपवास : शुक्रवारी.
> तिथी : शके १९४७, श्रावण वद्य सप्तमी, रात्री ११.४९ नंतर अष्टमी.
>
> गोपाळकाला : शनिवार, दि. १६ ऑगस्ट २०२५, दुपारी १२ वाजता.
> शनिवारी रात्री कार्यक्रम नाही.

वार आणि तारीख वर आणि मोठ्या अक्षरात, तिथी त्यांच्या खाली. काकांना हे आधी पटलं नाही, देवाच्या कामात तिथीला मान असावा असं त्यांचं म्हणणं. मान आहेच, पण रिक्षा बोलावताना, सुट्टी टाकताना माणूस वार आणि तारीख बघतो. तिथी ही तारीख तीच का, याचा पुरावा म्हणून खाली येते. उपवासाचा वार वेगळा लिहिला आहे, कारण चूक झाली की सगळ्यात जास्त हळहळ त्याचीच होते. शेवटची ओळ विचित्र वाटते खरी, पण जिथे गैरसमज होण्याची दाट शक्यता असते तिथे 'नाही' लिहिणंच बरं.

वार हा फलकावरचा चोरपहारा आहे. तारीख लिहिताना हात चुकला तर वार जुळत नाही आणि कोणीतरी लगेच विचारतं. म्हणून वार आठवणीने लिहू नये, कॅलेंडर उघडून तारखेसमोरचा वार बघून लिहावा, नाहीतर पहारेकरीच चोराला सामील.

छापण्याआधी मी एक परीक्षा घेतो. तिघांना फलक दाखवतो: एक पंचांग बघणारे, एक फोनवर जगणारा, आणि एक ज्यांचं मूळ गाव उत्तरेत आहे असे. "बरोबर आहे का?" असं विचारत नाही, कारण त्यावर सगळे 'हो'च म्हणतात. "घरातून कोणत्या वारी, किती वाजता निघाल?" असं विचारतो. तिघांची उत्तरं एक आली तरच फलक लागतो.

जे फलकाने सुटत नाही

त्याच वर्षी मथुरेत जन्माष्टमी १६ ऑगस्टला साजरी झाली, आणि इस्कॉनच्या मंदिरांतही. तिथे सूर्योदयाची अष्टमी धरतात. त्यात कोणाचं चुकलेलं नाही, परंपराच वेगळ्या. घरी टीव्हीवर मथुरेचा सोहळा शनिवारी बघितलेला माणूस आमच्या फलकावर शुक्रवार बघून गोंधळणारच. अशा वर्षी वर "आपल्या मंदिरात" हे शब्द घालतो आणि कोणतं पंचांग मानतो त्याचं नाव खाली लिहितो. मिनिटांत पंचांगापंचांगांत थोडा फरक असतो, तोही त्यामुळे वादाचा विषय होत नाही.

परदेशातली मुलं थेट प्रक्षेपण बघतात, त्यांच्यासाठी वेळेपुढे 'भारतीय वेळ' लिहायला हवं. आमचे रात्रीचे बारा म्हणजे न्यूयॉर्कला त्याच शुक्रवारी दुपारचे अडीच. त्यांना स्वतःच्या घरी पूजा करायची असेल तर मात्र त्यांनी त्यांच्या गावचं पंचांग बघावं. तिथी लागण्याचा क्षण जगभर एकच असतो, पण सूर्योदय आणि मध्यरात्र आपापली.

आणि चुकीची सूचना बाहेर गेलीच तर? आम्ही शनिवारी सकाळी काय करायला हवं होतं ते आता कळतं. जुना फोटो ग्रुपवरून काढून टाकणं पुरत नाही, तोवर तो दहा ठिकाणी गेलेला असतो. वर ठळक 'सुधारित' लिहून नवा फोटो टाकावा आणि त्यात काय बदललं ते सांगावं: "आधीच्या सूचनेत शनिवार रात्र छापली होती, ती चूक. जन्म शुक्रवारी रात्री झाला." देवळाच्या दाराशी खडूने तेवढंच लिहावं, कारण आजींसारखी माणसं फोन बघत नाहीत, दार बघतात. त्या रात्री आम्ही कुलूप उघडलं, समई लावली आणि पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली. सुंठवडा सगळ्यांनी खाल्ला, नवमीला.